घर सोडतो आहोत, काका : नोटिशीचा ईमेल आणि पंचेचाळीस हजारांचं डिपॉझिट

२०२४च्या मे महिन्यात, नवतपा सुरू असताना, नवऱ्याच्या बदलीचा आदेश आला. जुलैच्या पहिल्या तारखेला अमरावतीत रुजू व्हायचं होतं. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मुलीचा प्रवेश तिकडे हलवायला वेळ होता. सामानाचा टेम्पोही मिळाला असता. मला रात्रभर झोप लागू दिली नाही ती एकाच गोष्टीने, डिपॉझिटने. नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या किरायाच्या फ्लॅटसाठी पंधरा हजार महिना आणि पंचेचाळीस हजार डिपॉझिट दिलेलं होतं. अमरावतीतही तेवढंच डिपॉझिट आधी भरावं लागणार होतं.

काळजीचं कारण जुनं आहे. याआधी शहराच्या दुसऱ्या टोकाला आम्ही चार वर्षं राहिलो. ते घर सोडताना मी घरमालकांना जिन्यात सांगितलं होतं की पुढच्या महिन्यात जातोय. ते "बरं बरं" म्हणाले. चावी दिल्यावर ते म्हणाले की नोटीस मिळालीच नाही, तेव्हा एक महिन्याचा किराया कापणार. उरलेले पैसे पाच-पाच हजारांनी सात महिने येत राहिले आणि शेवटचे आठ हजार कधीच आले नाहीत. माझ्याकडे दाखवायला एक ओळही नव्हती. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वेळी तोंडाने नंतर सांगेन, आधी लिहीन.

लिहायला बसण्यापूर्वी करार काढला. लिव्ह अँड लायसन्सचा, अकरा महिन्यांचा, ऑनलाइन नोंदवलेला करार होता, १ डिसेंबर २०२३ ते ३१ ऑक्टोबर २०२४. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. आमच्या घरमालकांनी, म्हणजे काकांनी, ती चोख पार पाडली होती. करार नोंदवलेला असला तर अटी काय होत्या यावर वाद उरत नाही. भांडण राहतं ते अटींच्या अर्थावर.

म्हणून चार कलमं पेन्सिलने अधोरेखित केली. पहिले सहा महिने लॉक-इन, म्हणजे ३१ मेपर्यंत दोघांपैकी कुणालाही करार मोडता येणार नाही. त्यानंतर कुणीही एक महिन्याची लेखी सूचना देऊन करार संपवू शकतो. सूचना करारात दिलेल्या पत्त्यावर लेखी पाठवावी. चौथं कलम डिपॉझिटचं: घराचा रिकामा ताबा परत दिल्यावर, वीजबिल, थकबाकी आणि नुकसानीची रक्कम वळती करून, बिनव्याजी परत. सामान्य वापराने होणारी झीज त्या नुकसानीत धरायची नाही, असंही पुढे होतं.

हे चौथं कलम मी तीन-चारदा वाचलं. 'ताबा परत दिल्यावर' म्हणजे त्याच क्षणी, की त्यानंतर कधीही? किती दिवसांत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपल्या राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यातही लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटसाठी इतक्या दिवसांत परत करा अशी ठरावीक मुदत नाही. केंद्र सरकारच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात ताबा घेतानाच वजावट करून अनामत परत करावी असं म्हटलं आहे खरं, पण तो राज्यांसाठी घालून दिलेला नमुना आहे आणि महाराष्ट्राने तो आपला कायदा म्हणून स्वीकारलेला नव्हता. सारांश हा की तारीख मला मिळवावी लागणार होती, ती कागदावर आयती नव्हती. आणि ती मिळवायची वेळ चावी माझ्या हातात असेपर्यंतच होती.

इथे थोडं घरमालकाच्या बाजूने विचार करायला हवा. बहुतेक घरमालकांकडे आपलं डिपॉझिट वेगळं ठेवलेलं नसतं. ते कधीच घराच्या दुरुस्तीत, मुलाच्या फीत किंवा मुदत ठेवीत गेलेलं असतं. जुन्याला पैसे द्यायचे ते नव्या किरायदाराचं डिपॉझिट आल्यावर, असाच सगळा व्यवहार चालतो. म्हणून "पैसे कधी देता?" असं विचारलं की खरं उत्तर असतं, "नवीन माणूस आला की." ते कुणी तोंडावर बोलत नाही. "होऊन जाईल ना, काळजी काहून करता" एवढंच म्हणतात. हे ध्यानात आल्यावर माझ्या ईमेलचा सूर बदलला. आधी लिहिलेल्या मसुद्यात मी नुसती मागणी केली होती. दुसऱ्या मसुद्यात मी तारखा सुचवल्या, रकमेचे तुकडे पाडले आणि नवा किरायदार लवकर यावा म्हणून आमच्याकडून काय करता येईल तेही लिहिलं.

तारखांचा हिशोब असा. घर ३० जूनला, रविवारी, सोडायचं होतं. घरमालक महिना एक तारखेपासून मोजतात. सूचना ३ जूनला दिली असती तर महिना ३ जुलैला पुरा झाला असता आणि तीन दिवसांसाठी जुलैचा अख्खा किराया मागण्याला जागा राहिली असती. तेव्हा मेमध्येच लिहायला हवं होतं. पण मे लॉक-इनमध्ये येत होता. कलम नीट वाचलं तर मनाई लॉक-इनमध्ये करार संपवण्याला होती, आणि आमचा करार संपणार होता ३० जूनला. तरी एखाद्याने दुसरा अर्थ लावू नये म्हणून ईमेलमध्येच लिहून टाकलं की ताबा लॉक-इन संपल्यानंतरच देत आहोत.

मंगळवारी, २८ मेच्या सकाळी ईमेल पाठवला. काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले, पत्रव्यवहारात मुरलेले. किरायाची पावतीही ते ईमेलने पाठवत, म्हणून त्याच धाग्यात उत्तर न देता नव्या विषयाने पाठवला, म्हणजे पुढे शोधायला सोपं जावं. विषय होता : घर सोडण्याची एक महिन्याची सूचना, ताबा ३० जून २०२४, आणि अनामत रकमेची परतफेड. मजकूर जसाच्या तसा देते, फक्त पत्ता आणि कराराचा क्रमांक गाळून.

"आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

यांची अमरावतीला बदली झाली आहे. त्यामुळे आपल्यात १ डिसेंबर २०२३ पासून सुरू असलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारानुसार घर सोडण्याची एक महिन्याची लेखी सूचना या ईमेलने देत आहोत. करारातील सहा महिन्यांची लॉक-इन मुदत ३१ मे रोजी संपते. त्यानंतर, रविवार दिनांक ३० जून २०२४ रोजी सकाळी अकरा वाजता घराचा रिकामा ताबा आणि तिन्ही चाव्या आपल्याला देऊ. जूनचा किराया नेहमीप्रमाणे ५ तारखेपर्यंत जमा करू.

आपल्याकडे आमची अनामत रक्कम ४५,००० रुपये आहे. ती कधी आणि कशी परत मिळेल ते कृपया १० जूनपर्यंत कळवावं. आमची सूचना अशी : ३० जूनला ताबा देताना दोघांनी मिळून घर पाहावं आणि मीटरचं रीडिंग लिहून घ्यावं. शेवटचं वीजबिल जुलैच्या मध्यावर येईल, तेवढ्यापुरते २,५०० रुपये आपण राखून ठेवावेत आणि बिल आल्यावर सात दिवसांत हिशोब करून उरलेले द्यावेत. बाकीची रक्कम त्याच दिवशी माझ्या खात्यात जमा व्हावी.

एक गोष्ट आम्हीच सांगतो. हॉलच्या खिडकीखालची भिंत कूलरच्या पाण्याने खराब झाली आहे. फोटो सोबत जोडले आहेत. तिच्या दुरुस्तीचा खर्च आमच्याकडे. आपण रंगारी पाठवावा किंवा आम्ही आणतो, अंदाज आपल्याला दाखवू. इतर भिंतींवर वापराच्या खुणांपलीकडे काही नाही, त्यांचेही आज काढलेले आणि राहायला आलो त्या दिवशीचे फोटो जोडत आहे.

घर पाहायला कुणी येणार असेल तर १ जूनपासून रोज संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी दिवसभर आम्ही दाखवू. फक्त आधी एक फोन करावा.

हा ईमेल मिळाल्याचं कळवावं. याचीच सही केलेली प्रत करारातील पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

आपली,"

स्पीड पोस्टाबद्दल नवरा म्हणाला, "घरातल्या घरात कशाला एवढं?" माझं म्हणणं असं की माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी म्हणून मान्यता दिलेली असली तरी आमचा करार 'दिलेल्या पत्त्यावर' असं म्हणत होता आणि करारात कुणाचाच ईमेल पत्ता नव्हता. मग तेवढी फट ठेवायची कशाला? २९ तारखेला प्रत टाकली, ३० तारखेला पोचली. पोचल्याची स्थिती दिसत होती त्या पानाचा फोटो काढून त्याच ईमेलच्या फोल्डरमध्ये ठेवला. व्हॉट्सॲपवरही एक ओळ टाकली, "काका, सविस्तर ईमेल केला आहे, कृपया पाहावा." तिथे तपशील मुद्दाम लिहिला नाही, नाहीतर बोलणं दोन ठिकाणी फाटतं आणि कुठलं शेवटचं ते कळत नाही.

उत्तर ईमेलने आलं नाही. फोन आला, आणि काका दुखावलेले होते.

"अगं, आपण काय परके आहोत का? कोर्टात देतात तसं लिहिलंस. पोस्टानेही पाठवलंस!"

"काका, तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. मागच्या घरी मी काहीच लिहिलं नव्हतं आणि फार त्रास झाला. तुम्हीही नोकरीत सगळं लेखीच करत होता ना?"

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "ते बरोबर आहे. पण पैशाचं पाहू ना, होऊन जाईल. आणि हे बघ, घर सोडताना पूर्ण पेंट करून द्यावा लागतो, तो खर्च बावीस हजार तरी जाईल."

बावीस हजार! पंचेचाळीसमधून बावीस गेले तर हातात काय राहतं? मी फोनवर वाद घातला नाही. "काका, रविवारी येऊन बोलते," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवल्याबरोबर दुसरा ईमेल लिहिला. चारच ओळींचा होता. आज संध्याकाळी आपला फोन झाला, सूचना मिळाल्याचं आपण सांगितलं, पूर्ण रंगाच्या बावीस हजारांचा मुद्दा आपण मांडला, त्यावर रविवारी प्रत्यक्ष बोलू, माझं काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर दुरुस्त करावं. काकांनी यावर "ठीक आहे" असं उत्तर दिलं. त्या दोन शब्दांनी सूचना मिळाल्याची पोच माझ्याकडे लेखी आली.

आता कूलरचं सांगते, कारण नागपुरातलं अर्धंअधिक डिपॉझिट याच भिंतीत मुरतं. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर डेझर्ट कूलर बसवतो, मार्चच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत तो दिवसरात्र चालतो. टाकीत पाणी सोडून नळ बंद करायला उशीर झाला की पाणी वाहतं. वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीतून थेंब उडतात. स्टँड भिंतीला चिकटून असला की सगळं पाणी भिंतीत जातं. आधी रंगाला फोड येतात, मग पांढरा क्षार फुलतो, मग प्लास्टर हाताने सुटतं. आमच्या भिंतीचं तेच झालं होतं, खिडकीखालचा साधारण तीन फुटांचा पट्टा. मेमध्ये टाकी दोनदा वाहिली होती, ते आमच्याच हातून झालं होतं.

रविवारी काकांकडे जाताना मी ओळखीच्या रंगाऱ्याला आधी घर दाखवलं. त्याने भिंतीवर हात फिरवला, नखाने थोडं खरवडलं आणि बाथरूमच्या बाजूची भिंतही वाजवून पाहिली.

"ताई, ओल आतून नाही येऊन राहिली. पाइप फुटला असता तर त्या बाजूनं आली असती. हे कूलरचंच पाणी आहे. पाऊस लागायच्या आत वाळू द्या, मग घासून पुट्टी मारतो."

हे विचारून घेणं मला महत्त्वाचं वाटलं. ओल नळाच्या गळतीची असती तर ती इमारतीची दुरुस्ती झाली असती आणि तिचा खर्च माझ्यावर यायला नको होता. खरवडणं, पुट्टी, प्रायमर आणि दोन हात, पूर्ण एका भिंतीचे मिळून त्याने साडेतीन हजार सांगितले. नुसता पट्टा रंगवला तर जोड दिसतो, म्हणून भिंत पूर्ण धरली. अंदाज त्याच्याकडून कागदावर लिहून घेतला.

काकूंनी कैरीचं पन्हं दिलं. काकांसमोर मी तीन गोष्टी ठेवल्या. आलो त्या दिवशीचे फोटो, आजचे फोटो आणि कराराचं ते कलम, ज्यात सामान्य झीज वगळली होती. म्हटलं, "काका, कूलरची भिंत आमची चूक आहे, ती आम्ही भरून देतो. पण बाकीच्या भिंती तुम्हीच बघा. सोफ्याच्या मागे थोडं काळपट झालंय, खिळ्याची चार भोकं आहेत, ती बुजवून देऊ. रंग तर आम्ही आलो तेव्हाही नवा नव्हता. पुढच्या माणसासाठी घर उजळ करायचं असेल तर तो खर्च घराचा झाला, माझा कसा?"

त्यांनी फोटो मोठे करून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. जुन्या फोटोंत बेडरूमच्या छताजवळचा रंग सुटलेला स्पष्ट दिसत होता. "हे मी विसरलो होतो," ते म्हणाले. बावीस हजारांचा विषय तिथे संपला. तारीख लिहिलेले, त्या दिवशी त्यांनाच व्हॉट्सॲपने पाठवलेले ते फोटो नसते तर मला हे सिद्ध करता आलं नसतं.

मग खरी अडचण निघाली. काकांनी मोकळेपणाने सांगितलं की पूर्ण रक्कम ३० तारखेला देणं जमणार नाही. मुलाच्या घराच्या हप्त्यात पैसे गेले आहेत, वीस हजार लगेच देता येतील, बाकीचे नव्या किरायदाराकडून आल्यावर. मला त्यांच्या या खरेपणाचं बरं वाटलं, पण 'नवीन आल्यावर' ही तारीख नव्हे. नवीन माणूस ऑगस्टमध्ये आला तर? म्हणून मी म्हटलं, "काका, माणूस आला नाही तरी शेवटची तारीख आपण धरू. तुम्हीच सांगा कोणती." त्यांनी ७ जुलै सांगितली. मी लगेच हो म्हटलं, कारण ती त्यांनी स्वतः निवडली होती.

शेजारच्या ताईंनी मला वेगळाच सल्ला दिला होता. नागपुरात सर्रास करतात तसा, शेवटच्या महिन्याचा किराया देऊच नको, डिपॉझिटमधून वळता कर म्हण. मलाही मोह झाला होता. पण आमच्या करारात किराया अनामतीतून वळता करता येणार नाही असं लिहिलेलं होतं. मी किराया थांबवला असता तर अट आधी मी मोडली असती, आणि मग सामान्य झीज, लेखी सूचना असल्या कलमांवर बोट ठेवायला मला तोंड राहिलं नसतं. घरमालक राजी असेल आणि तसं लिहून देत असेल तर ही सोय चांगली आहे. एकतर्फी करू नये. जूनचा किराया मी ५ तारखेला भरला.

त्या रात्री तिसरा ईमेल लिहिला, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाचा हाच ठरला. ४५,००० पैकी कूलरच्या भिंतीचे ३,५०० वजा, वीजबिलासाठी २,५०० राखीव, राहिले ३९,०००. त्यातले २०,००० ताबा देताना ३० जूनला आणि १९,००० जास्तीत जास्त ७ जुलैपर्यंत, नवा किरायदार आला असो वा नसो. याशिवाय कोणतीही वजावट नाही. काकांनी उत्तर दिलं, "वरील हिशोब मान्य. १९,००० रुपये ७ जुलैपर्यंत देतो." तारीख विचारणारा पहिला ईमेल २८ मेला गेला होता, तारीख लेखी मिळाली २ जूनच्या रात्री, म्हणजे चावी हातात असताना, महिनाभर आधी.

जूनभर सहा कुटुंबं घर पाहून गेली. एकांना खामल्याजवळच हवं होतं, दोघांना पार्किंग कमी वाटलं. चौथ्यांनी पसंत केलं आणि ५ जुलैपासून येण्याचं ठरवलं. आम्ही संध्याकाळी घर आवरून ठेवत होतो, याचा उपयोग शेवटी आमच्याच पैशाला झाला.

३० जूनला सामान सकाळी आठलाच गेलं. अकराला काका आले. रिकाम्या घरातून आम्ही दोघं खोल्याखोल्यांतून फिरलो, नळ उघडून पाहिले, पंखे लावून पाहिले, तिन्ही चाव्या मोजून दिल्या. खाली मीटरपाशी जाऊन रीडिंगचा फोटो काढला, ८,५७२. मागच्या बिलावरचं, १२ जूनचं रीडिंग ८,४१२ होतं. म्हणजे अठरा दिवसांचे १६० युनिट आमचे. बिल आधी एकदा ३१० युनिटांचं सुमारे ३,७०० आलं होतं, युनिटला बारा रुपये. त्या दराने १,९२० झाले असते. महावितरणचा दर टप्प्यांनी चढतो, कमी युनिटला सरासरी कमी पडते, म्हणून अंदाज वरचाच होता आणि २,५०० राखीव पुरेसे होते. एका कागदावर हे सगळं लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, दोघांच्या फोनमध्ये त्याचा फोटो. वीस हजार काकांनी माझ्यासमोर उभं राहून पाठवले. खात्यात आल्याचा संदेश वाजल्यावर मी चाव्यांची जुडी त्यांच्या हातात ठेवली.

सात जुलै आली आणि गेली. पैसे आले नाहीत. माझ्या पोटात पुन्हा तोच जुना गोळा आला. फोन करायला हात गेला होता, पण आठ तारखेच्या सकाळी ईमेल केला, त्याच धाग्यात, काकांच्या "वरील हिशोब मान्य" या उत्तराच्या खाली : "काका, नमस्कार. ठरल्याप्रमाणे १९,००० रुपये ७ जुलैपर्यंत यायचे होते, अजून जमा झालेले नाहीत. काही अडचण असेल तर कळवा, नाहीतर १० तारखेपर्यंत पाठवावेत." वेगळं काही लिहायची गरजच नव्हती, वर सगळं होतं. नऊ तारखेच्या दुपारी पैसे आले. सोबत निरोप होता की नव्या किरायदारांचा चेक वटायला दोन दिवस जास्त लागले.

आले नसते तर पुढची पायरी वकिलाची नोटीस होती, आणि त्यानंतर दिवाणी दावा. एवढ्या रकमेसाठी ती वाट किती लांबते ते माहीत असल्याने मी मनातून तयार नव्हते. पण सूचना, पोच, मान्य हिशोब आणि सह्यांचा ताबापत्र कागद एवढं एका फोल्डरमध्ये असल्यामुळे वकिलाला पहिल्या दिवशीच सगळं देता आलं असतं.

वीजबिल १२ जुलैच्या रीडिंगवर आलं, ८,६१७. एकूण २०५ युनिट, २,२५५ रुपये. त्यात नव्या मंडळींचाही वापर होता, आणि रीडिंगचा फोटो नसता तर हे अख्खं बिल माझ्या माथी सहज आलं असतं. १६० युनिटांच्या प्रमाणात आमचे १,७६० झाले. काकांनी बिलाचा फोटो, गुणाकार-भागाकारासह कागद आणि उरलेले ७४० रुपये १९ जुलैला पाठवले. मी शेवटचा ईमेल लिहिला की अनामतीचा पूर्ण हिशोब मिळाला, आता आमचं एकमेकांकडे काही येणं-देणं नाही.

त्यावर त्यांचं उत्तर आलं. पोच होतीच, खाली एक फोटोही होता. रंगाऱ्याने भिंत छान केली होती आणि त्यांनी कूलरचा स्टँड फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून भिंतीपासून नऊ इंच पुढे काढून घेतला होता. टाकीच्या वरच्या काठाला एक प्लास्टिकचा पाइप लावून तो थेट खालच्या नालीत सोडला होता. खाली लिहिलं होतं, "तुझ्या भिंतीचे फोटो नव्या मंडळींना दाखवले. त्यांचेही आज काढून घेतले आणि त्यांना ईमेल केले."